अंतर की पाऊस? जंगलाच्या तुकड्यांवरची एक मँटेल टेस्ट आणि तिच्यावर उभी राहिलेली शिफारस

पार्श्वभूमी

हे प्रकरण सह्याद्रीच्या सातारा बाजूच्या एका पट्ट्यातलं आहे. गावांची आणि संस्थेची नावं देत नाही, आकडेही ओळख पटू नये इतपत इकडेतिकडे केलेत, पण आकड्यांचं एकमेकांशी नातं जसं होतं तसंच ठेवलंय.

एका छोट्या संस्थेकडे काम होतं की घाटमाथ्यापासून पूर्वेकडच्या कोरड्या भागापर्यंत जे जंगलाचे तुकडे उरलेत त्यांचा लँडस्केप इकॉलॉजीच्या अंगाने अहवाल द्यायचा, आणि शेवटी सांगायचं की हे तुकडे जोडायचे का, जोडायचे तर कसे. टीमने साधारण ४५ किमी लांब आणि आठ-दहा किमी रुंद अशी पूर्व-पश्चिम पट्टी घेतली आणि त्यात पावसाप्रमाणे तीन पट्टे धरून ३० तुकडे निवडले, घाटमाथ्यावर १२, मधल्या उतारावर ९, पूर्वेच्या कोरड्या भागात ९. प्रत्येक तुकड्यात २० बाय २० मीटरचे चार प्लॉट, त्यातली छातीच्या उंचीवर ३० सेंमीपेक्षा जास्त घेर असलेली सगळी झाडं मोजली. फील्डवर्क खरंच मन लावून केलेलं होतं, झाडांची ओळख नीट, जीपीएस नीट, आणि फील्ड शीट्स स्कॅन करून ठेवलेल्या. या शेवटच्या गोष्टीचा पुढे फार उपयोग झाला.

हा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे की इथे थोडं पूर्वेला सरकलं की पाऊस किती झपाट्याने उतरतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पडतो, तिथून वीसेक किमीवर पाचगणीला त्याच्या निम्म्याहून बराच कमी, आणि खाली वाईकडे उतरलात की आणखी कमी. झाडंही तशीच बदलतात. माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आणि पूर्वेला गेलं की धावडा, सालई, खैर, हिवर.

मसुद्यात काय लिहिलं होतं

मी या कामात मसुदा तयार झाल्यावर आले, आकडेमोड तपासायला. विश्लेषण थोडक्यात असं होतं, की प्रत्येक दोन तुकड्यांमधलं सरळ अंतर काढलं, प्रत्येक दोन तुकड्यांमधला झाडांच्या समुदायाचा वेगळेपणा ब्रे-कर्टिसने काढला (० म्हणजे अगदी सारखे, १ म्हणजे एकही जात सामायिक नाही), आणि या दोन मॅट्रिक्समधलं नातं मँटेल टेस्टने तपासलं.

```r
library(vegan)
gd <- dist(xy)               # EPSG:32643, मीटरमध्ये
bc <- vegdist(trees, "bray")
mantel(bc, gd, permutations = 999)
```

उत्तर आलं r = ०.५२, p = ०.००१. त्यावरून मसुद्यात लागोपाठ तीन वाक्यं होती. पहिलं, तुकड्यांमधलं अंतर वाढेल तसा समुदायांमधला वेगळेपणा वाढतो. दुसरं, अंतर हे समुदायातल्या २७ टक्के फरकाचं कारण आहे (०.५२ चा वर्ग). तिसरं, म्हणजे बियांचा प्रसार अंतरामुळे अडतोय, म्हणून पूर्व-पश्चिम सलग ४५ किमीचा हिरवा पट्टा उभा करावा आणि त्यात माथ्यावरच्या जाती लावाव्यात.

पहिलं वाक्य बरोबर होतं. दुसरं चुकीचं. आणि तिसरं, ज्याच्यावर पैसे खर्च होणार होते आणि माणसं राबणार होती, ते या टेस्टमधून निघतच नव्हतं.

अडचण नेमकी कुठे

आधी मी साधी गोष्ट पाहिली, दोन्ही टेबलांमध्ये तुकड्यांचा क्रम एकच आहे का. mantel() नावं जुळवून बघत नाही, ओळींचा क्रम जसा असेल तसा धरते, आणि क्रम चुकला तर कसलीही सूचना न देता उत्तर देऊन मोकळी होते. इथे क्रम बरोबर होता, अंतरंही यूटीएममध्ये काढलेली होती, अक्षांश-रेखांशाच्या अंशांत नाही, म्हणजे तांत्रिक पाया ठीक होता.

मग जोड्यांचा स्कॅटरप्लॉट काढला, जो मसुद्यात नव्हताच. ३० तुकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. मसुद्यातलं वाक्य खरं मानायचं तर ठिपके डावीकडून उजवीकडे हळूहळू चढताना दिसायला हवे होते, पण इथे सरळसरळ ढीग दिसत होते. डावीकडे खाली, एकाच पट्ट्यातल्या तुकड्यांच्या जोड्या. मध्ये शेजारच्या पट्ट्यांच्या. आणि उजवीकडे वर, घाटमाथा आणि कोरडा भाग यांच्या १०८ जोड्या, ज्यातल्या बहुतेक १ च्या छताला चिकटलेल्या, कारण त्यांच्यात झाडाची एकही जात सामायिक नाही. बाकीचे ढीग हाताने झाकून मी फक्त डावीकडच्या ढिगातच बघितलं तर चढण जवळजवळ दिसतच नव्हती. म्हणजे r = ०.५२ हा आकडा मुख्यतः तीन पट्ट्यांमधल्या फरकावर उभा होता, आणि ते तीन पट्टे आधीच पावसाप्रमाणे मांडलेले होते.

हे मी टीमसमोर ठेवलं तेव्हा फील्डचं काम बघणाऱ्या मुलाने विचारलं, "पण मॅडम, p तर ०.००१ आलाय, मग आता त्यात शंका कसली?" प्रश्न अगदी रास्त होता. ९९९ परम्युटेशन्स केली की p ची सगळ्यात लहान शक्य किंमतच १/१००० असते, त्यामुळे ०.००१ म्हणजे एवढंच की तुकड्यांची नावं वाटेल तशी फिरवून आलेल्या ९९९ पैकी एकाही उत्तरात r इतका मोठा आला नाही. नातं योगायोगाचं नाही हे त्यातून कळतं. नातं कशामुळे आहे हे त्यातून कळू शकत नाही. त्यात या टेस्टचं शून्य गृहीतक असं आहे की कुठलाही तुकडा कुठेही असू शकला असता, म्हणजे सालईचं जंगल माथ्यावर आणि अंजनीचं जंगल कोरड्या भागात. जे गृहीतक जमिनीवर शक्यच नाही ते नाकारलं गेलं यात नवीन काहीच कळत नाही.

२७ टक्क्यांचं वाक्य तर लगेच काढायला सांगितलं. मँटेलचा r हा जोड्यांच्या अंतरांमधला सहसंबंध आहे, त्याचा वर्ग म्हणजे समुदायाच्या मूळ टेबलातल्या विचलनाचा वाटा नव्हे. लजाँद्र, फोर्तँ आणि बोर्कार यांनी २०१५ च्या लेखात हे सविस्तर दाखवलंय, आणि मँटेल टेस्ट फक्त अंतरांबद्दलच्या प्रश्नांना वापरा असंही स्पष्ट म्हटलंय. मूळ टेस्ट नेथन मँटेल यांनी १९६७ मध्ये मांडली ती रोगाचे रुग्ण जागा आणि काळ दोन्हींत एकत्र जमतात का हे बघायला, म्हणजे तो प्रश्नच जोड्यांचा होता.

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार वाटा निघाल्या.

पहिली, सगळं तसंच ठेवून भाषा मऊ करायची, 'कारण आहे' ऐवजी 'संबंध दिसतो'. मुदत जवळ आल्यामुळे ही वाट बऱ्याच जणांना पटत होती. पण शिफारस तीच राहणार होती, आणि वाचणारा शिफारस वाचतो, क्रियापद नाही.

दुसरी, पार्शियल मँटेल, म्हणजे पावसाचा फरक बाजूला काढून अंतराचं नातं बघायचं. हे टीमने खरं तर आधीच करून पाहिलं होतं आणि त्यांना r = ०.३८ मिळाला होता, म्हणून त्यांचा विश्वास आणखी वाढला होता.

तिसरी, जोड्यांची टेबलं सोडून मूळ टेबलाकडे जायचं, पाऊस आणि जागा या दोन्हींना स्वतंत्र चल म्हणून घेऊन विचलनाची वाटणी करायची.

चौथी, नवीन तुकडे मोजायचे. घाटमाथ्यावरच, पण उत्तर-दक्षिण, म्हणजे अंतर वाढेल आणि पाऊस साधारण तसाच राहील. हे सगळ्यात खर्चिक, आणि पावसाळा तोंडावर आलेला.

काय केलं

दुसऱ्या वाटेपासूनच सुरुवात केली कारण ०.३८ या आकड्याचा उलगडा होणं गरजेचं होतं. पाऊस कुठून घेतला असं विचारलं तर कळलं हवामान विभागाच्या ग्रिडमधून, ०.२५ अंशांच्या चौकटीतून. या अक्षांशावर एक चौकट साधारण २७ किमी रुंद, म्हणजे आपली ४५ किमीची पट्टी दोन-तीन चौकटींत संपते. तीस तुकड्यांना मिळून पावसाच्या तीनच वेगळ्या किमती! घाटमाथ्यावरचा तुकडा आणि त्याच्या पंधरा किमी पूर्वेचा तुकडा, दोघांना एकच पाऊस. अशा चलाने पाऊस 'बाजूला काढला' म्हटलं तरी खरा पाऊस बाजूला निघतच नाही, उरलेला सगळा अंतराच्या खात्यात जमा होतो कारण अंतर त्याच दिशेने धावतंय.

मग ०.०५ अंशांचा, म्हणजे पाच-सव्वापाच किमीचा CHIRPS हा उपग्रह आणि पर्जन्यमापक मिळून बनवलेला पावसाचा डेटा घेतला आणि तो महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांशी पडताळून बघितला. आता वेगळेपणा आणि पाऊसफरक यांचा r = ०.५८, अंतर आणि पाऊसफरक यांचा आपापसात ०.८०, आणि पाऊस काढून अंतराचा पार्शियल r ०.३८ वरून ०.११ वर आला. झाडांचा डेटा तोच, टेस्ट तीच, फक्त पाऊस जरा नीट मोजला. या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी जागा हीच आहे.

०.११ ला सुद्धा p ०.०५ च्या खाली होता आणि टीममधून लगेच आवाज आला की बघा, अंतर अजून उरतंय. इथे थांबावं लागलं. गियो आणि रूसे यांनी २०१३ मध्ये दाखवलंय की दोन्ही चलांमध्ये स्वतःचीच अवकाशी साखळी असेल, म्हणजे जवळजवळच्या जागा एकमेकींसारख्या असतील, तर साध्या आणि पार्शियल अशा दोन्ही मँटेल टेस्ट्स नसलेलं नातं हवं त्यापेक्षा जास्त वेळा 'सिग्निफिकंट' ठरवतात. आपल्याकडे पाऊसही तसाच आणि झाडंही तशीच. म्हणून त्या p वर काहीही ठरवायचं नाही असं ठरलं.

त्याऐवजी परम्युटेशन पट्ट्याच्या आतच बांधून टाकलं:

```r
mantel(bc, gd, permutations = 999, strata = belt)
```

हे चालवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, r बदलत नाही, तो ०.५२ च दिसतो, आणि बऱ्याच जणांना वाटतं काहीच फरक पडला नाही. फरक खाली छापलेल्या शून्य वितरणाच्या क्वांटाइल्समध्ये असतो. आता तुकडे फक्त आपापल्या पट्ट्यात फिरत होते, पट्ट्यांमधला फरक प्रत्येक फेरीत जसाच्या तसा राहत होता, त्यामुळे शून्य वितरणच ०.५ च्या आसपास सरकलं आणि p झाला ०.१९. फक्त घाटमाथ्याचे १२ तुकडे वेगळे घेतले तर r = ०.१०, p = ०.२३.

तिसऱ्या वाटेने, म्हणजे समुदायाचा वेगळेपणा पाऊस आणि जागा या चलांवर सरळ बसवणाऱ्या dbRDA ने आणि विचलन वाटणीने, चित्र असं आलं की फक्त पावसाचा वाटा साधारण ९ टक्के, फक्त जागेचा ५, आणि दोघांचा सामायिक १७. हा सामायिक १७ टक्क्यांचा तुकडा कुणाचा हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. तुकडे निवडतानाच पाऊस आणि अंतर एका रेषेत बांधले गेले, आता सॉफ्टवेअर ती गाठ सोडवणार नाही.

त्यामुळे चौथी वाट. बारा तुकड्यांवर 'अंतराचा परिणाम नाही' असं लिहिणंही तितकंच चुकीचं ठरलं असतं, ६६ जोड्या आणि त्याही लहान अंतरांच्या, तिथे परिणाम असला तरी दिसेलच असं नाही. मुदत वाढवून मागितली, ती मिळाली, आणि पावसाळा संपल्यावर घाटमाथ्याच्या धारेने उत्तर-दक्षिण आणखी १० तुकडे मोजले, सगळ्यात लांबची जोडी ६० किमीच्या आसपास.

काय निघालं, आणि कोळशाच्या भट्ट्या

घाटमाथ्याचे २२ तुकडे, २३१ जोड्या, r = ०.२१, p = ०.००६. म्हणजे पाऊस जवळपास सारखा ठेवूनही अंतराचं काहीतरी आहे, मूळ ०.५२ पेक्षा बरंच कमी, पण आहे. मँटेल कोरेलोग्राम, म्हणजे अंतराच्या एकेका वर्गात हे नातं वेगळं तपासणारा आलेख, काढला तर सगळा परिणाम पहिल्या वर्गात, ० ते ५ किमी, त्यापुढे सपाट. दहा किमीवरचा तुकडा आणि पन्नास किमीवरचा तुकडा सारखेच वेगळे.

मसुदा लिहिणाऱ्याला इथे पुन्हा बी-प्रसार दिसला, पाच किमीपर्यंत बी जातं म्हणून जवळचे तुकडे सारखे. पटण्यासारखं होतं. पण त्या जवळच्या जोड्या कुठल्या हे नकाशावर टाकलं तर त्यातल्या बऱ्याच एकाच खोऱ्याच्या कडेच्या पाच तुकड्यांच्या निघाल्या. आम्ही तिथे परत गेलो. झाडं बघितली तर जांभळांना एका बुंध्यातून तीन-तीन, चार-चार खोडं फुटलेली, जमिनीलगत जुना तोडलेला खुंट अजून दिसत होता. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं तर म्हणाले, "ताई, हितं आमच्या ल्हानपणी कोळशाच्या भट्ट्या लागायच्या, ह्यो समदा डोंगर तोडल्याला." पाचही तुकडे एकाच काळात तोडलेले आणि खुंटातून पुन्हा वाढलेले.

त्यात मोजणीची एक पद्धत मिसळली होती. फील्ड शीटवर प्रत्येक खोड वेगळी नोंद होती, १४अ, १४ब, १४क अशी, आणि टेबल बनवताना ती तीन झाडं म्हणून मोजली गेली. त्यामुळे या पाच तुकड्यांत जांभळाची संख्या फुगली, आणि ब्रे-कर्टिस संख्येवर चालतो म्हणून ते एकमेकांसारखे दिसले. स्कॅन केलेल्या शीट्स होत्या म्हणून अक्षरांवरून खोडं पुन्हा झाडांत जोडता आली. झाडागणिक मोजल्यावर r = ०.१५, p = ०.०३. पहिला वर्ग अजून वरच, पण निम्म्याने खाली.

या उरलेल्या ०.१५ मध्ये बी-प्रसार किती, तोडीचा इतिहास किती, मातीची खोली किती, हे या डेटातून वेगळं करता येत नाही, आणि अहवालात तसंच लिहिलं.

अहवालात काय बदललं

मुख्य परिच्छेद असा झाला: 'पूर्व-पश्चिम पट्टीत दूरचे तुकडे जास्त वेगळे आहेत, पण या पट्टीत अंतर आणि पाऊस सोबत बदलत असल्याने हा वेगळेपणा अंतरामुळे आहे असं म्हणता येत नाही. सारख्या पावसाच्या घाटमाथ्यावर जवळचे, साधारण पाच किमीच्या आतले तुकडे थोडे जास्त सारखे आहेत, त्यात पूर्वीच्या तोडीचा वाटा आहे.' सोबत स्कॅटरप्लॉट, जोड्यांना पट्ट्याप्रमाणे रंग देऊन.

४५ किमीच्या सलग पट्ट्याची शिफारस गेली. तिच्या जागी पट्ट्यागणिक वेगळी रोपयादी आली, कोरड्या भागात अंजनी-पिशाची रोपं लावण्याऐवजी तिथलेच धावडा, सालई, खैर यांचे उरलेले तुकडे चराई आणि वणव्यापासून राखणं आलं, आणि सलगतेचं काम फक्त घाटमाथ्यावरच्या जवळजवळच्या तुकड्यांपुरतं राहिलं. काम देणाऱ्यांना सलग पट्टा नकाशावर आवडला होता, त्यांनी तो सोडायला वेळ घेतला. रोपयादी लगेच मान्य झाली, कारण कोरड्या भागातल्या रोपवाटिकेच्या माणसानेच सांगितलं की माथ्यावरची रोपं तिथे पाणी दिल्याशिवाय उन्हाळा काढत नाहीत. पाच किमीचा आकडा मात्र त्यांनी त्यांच्या सादरीकरणात 'बी-प्रसाराचं अंतर' म्हणून टाकला होता, तो बदलून घ्यायला दोनदा लिहावं लागलं.

पुन्हा करायचं झालं तर

तुकडे निवडण्याच्या आधी संभाव्य जागांवरच अंतर आणि पाऊसफरक यांचा सहसंबंध काढून बघायचा. त्याला एकही झाड मोजावं लागत नाही, जागांचे अक्षांश-रेखांश आणि पावसाचा नकाशा पुरतो. तो ०.८ निघाला असता तर तीसपैकी निम्मे तुकडे सुरुवातीलाच उत्तर-दक्षिण ठेवता आले असते आणि दुसरी फेरी वाचली असती.

फील्ड शीटवर खोड आणि झाड असे दोन वेगळे रकाने हवेत, आणि तुकड्यागणिक एक ओळ जुन्या वापराची, तोड, भट्टी, कुमरी शेती, देवराई जे असेल ते, गावात विचारून. ही माहिती कुठल्याच उपग्रहात मिळत नाही.

आणि मँटेल टेस्ट ठेवायचीच का? मी ठेवेन, पण 'दूरच्या जागा जास्त वेगळ्या आहेत का' एवढ्याच प्रश्नाला, कोरेलोग्रामसोबत, आणि पट्ट्यांनुसार रंगवलेल्या स्कॅटरप्लॉटशिवाय कधीच नाही. पाऊस किती आणि जागा किती या प्रश्नाला सरळ मूळ टेबलावर जाईन, आणि सामायिक वाटा कुणाच्याही नावावर न टाकता सामायिक म्हणूनच छापेन.